अर्थशास्त्र खरंच इतिहासापेक्षा अवघड आहे का? दोन्ही घेतलेल्या मुलांचे ग्रेड पॉइंट काढून पाहिले

कृष्णाकाठ

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसतो आणि दरवर्षी तेच ऐकतो: "सर, इकॉनॉमिक्स नको, ग्रेड पडत नाही. हिस्टरी द्या." यंदा एका मुलीने अर्ज माझ्यासमोर भरला. अर्थशास्त्रावर टिक केली, मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीने दंडाला चिमटा काढला, आणि तिने पेन मागून घेऊन ती टिक खोडली. बारावीला तिला अर्थशास्त्रात ८१ होते.

म्हणून या वेळी ठरवलं की ऐकीव गोष्टीवर न जाता निकालच बघायचा. ऑफिसमधून प्रथम वर्ष कला, दुसऱ्या सत्राचं लेजर घेतलं. आमच्याकडे प्रत्येक मुलगा तीन ऐच्छिक विषय घेतो. सरासरी काढली ती अशी: अर्थशास्त्र ९६ मुलं, सरासरी ग्रेड पॉइंट ६.४. इतिहास ११८ मुलं, सरासरी ६.२.

म्हणजे इतिहासातच कमी पडतात! मी खूश होऊन हे स्टाफरूममध्ये सांगितलं. तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "पण दोन्ही विषय घेतलेली पोरं किती? त्यांचं काय?" ती निघाली ४१. त्यांची इतिहासातून अर्थशास्त्राची वजाबाकी केली तर सरासरी फरक आला ०.९०. म्हणजे तीच मुलं इतिहासात जवळजवळ एक पूर्ण ग्रेड पॉइंट जास्त मिळवतात. आकडा एकदम उलटा फिरला.

आता कुठला खरा मानू? पुढच्या जूनमध्ये मुलांना खरं काय ते सांगायचं आहे, म्हणून विचारतोय.

पक्का_कोकणी

सर, दुसराच खरा, यात वाद नाही. पहिल्या सरासरीत मुलं वेगळी आहेत. अर्थशास्त्राकडे जरा अभ्यासू पोरं जातात आणि "काहीतरी विषय हवा" म्हणणारी इतिहासाकडे, त्यामुळे इतिहासाची सरासरी खाली आली. दोन्ही घेतलेल्यांत डोकं तेच, घर तेच, एसटी तीच. वेगळा आहे तो फक्त विषय. म्हणजे जो फरक उरतो तो विषयाचा. ०.९० ने अर्थशास्त्र अवघड. विषय संपला.

लाल_दिवा_२७

नमस्कार सर, अगदी वेळेवर धागा मिळाला. मी पुण्यात यूपीएससीची तयारी करतो. इतिहास घेऊ की अर्थशास्त्र यावर दोन महिने अडकलोय. तुमच्या हिशेबाने इतिहास स्कोअरिंग आहे असं धरू का? क्लासवाले म्हणतात इतिहासाचा अभ्यासक्रम संपतच नाही.

पाटीलबुवा

@लाल_दिवा_२७, मित्रा, सरांचा प्रश्न वेगळा आहे. ते एकाच कॉलेजच्या एकाच सत्राच्या निकालाबद्दल विचारताहेत. तुझ्या परीक्षेत तर ही वजाबाकी करताच येत नाही. २०१३ पासून मुख्य परीक्षेला ऐच्छिक विषय एकच असतो. त्याआधी दोन घ्यावे लागायचे, तेव्हा दोन्ही विषय दिलेला उमेदवार सापडायचा. आता इतिहासवाला वेगळा, अर्थशास्त्रवाला वेगळा, दोघांना जोडणारा माणूसच नाही. प्रथम वर्षाच्या मुलांवरून तू वर्षभराचा निर्णय घेऊ नकोस. दोन्ही विषयांच्या मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेव आणि कुठल्या प्रश्नावर तुझा हात आपोआप चालतो ते बघ.

शेवंती

सर, धागा वाचून राहवलं नाही. मी इंग्लंडात परीक्षांच्या निकालांवर काम करते आणि हाच हिशेब रोज करते.

पक्का_कोकणी यांचं निम्मं अगदी बरोबर आहे. पहिली सरासरी टाकून द्या, तिच्यात कोण कुठल्या विषयाकडे गेलं याचाच गोंधळ आहे. पण "उरतो तो विषयाचाच फरक" हे मात्र घाईचं आहे. त्यावर नंतर बोलू. आधी तो ०.९० कसा आला ते तपासायला हवं, कारण मला तो जरा मोठा वाटतोय. दोन प्रश्न आहेत. त्या ४१ जणांत नापास किती, आणि त्यांना तुम्ही किती पॉइंट धरले? आणि लेजर पहिल्या प्रयत्नाचं आहे ना? एटीकेटी सोडवून नंतर पास झालेल्यांचे सुधारलेले गुण त्यात मिसळले असतील तर विषयाचा अवघडपणा झाकला जातो.

कृष्णाकाठ

ताई, लेजर पहिल्या प्रयत्नाचंच आहे, सगळे नियमित विद्यार्थी. अर्थशास्त्रात चौघांना एफ आहे, म्हणजे शून्य पॉइंट. इतिहासात त्याच चौघांना ४, ५, ५ आणि ६ आहेत. इतिहासात या ४१ पैकी कुणीच नापास नाही.

शेवंती

तिथेच गोम आहे. तुमच्या तक्त्यात काठावर पास झालेल्याला ४ मिळतात आणि त्याच्या एक मार्क खाली ३९ वाल्याला शून्य. एका मार्काची पायरी आणि खाली चार पॉइंटांची विहीर.

हिशेब मांडून बघा. ४१ जणांच्या फरकांची बेरीज तुमच्याकडे ३७ असणार, म्हणून ३७ भागिले ४१, म्हणजे ०.९०. त्यातले २० एकट्या त्या चौघांचे आहेत. उरलेल्या ३७ मुलांची बेरीज फक्त १७, म्हणजे सरासरी ०.४६. चार मुलांनी आकडा दुप्पट केला.

आता कुणी म्हणेल, मग ते चौघे काढूनच टाका. तेही बरोबर नाही. ज्यांना अर्थशास्त्र सर्वांत जड गेलं त्यांनाच वगळलं तर विषय आपोआप सोपा दिसणार. आम्ही साधारण असं करतो की नापासाला शून्याऐवजी शेवटच्या पायरीच्या एक पायरी खाली धरायचं, म्हणजे इथे ३. पण आधी एक बघा, त्या चौघांपैकी पेपरला बसलेच नाहीत असे कोणी आहेत का? लेजरमध्ये गैरहजर आणि नापास दोघांनाही शून्यच दिसतं.

कृष्णाकाठ

आत्ता हजेरीपत्रक काढून पाहिलं. दोघे गैरहजर होते! इतिहासात ५ आणि ५ मिळालेले तेच दोघे. एक ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेला होता, तो परत आला आणि इतिहासाच्या पेपरला बसला. दुसरीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. यांचा अर्थशास्त्र अवघड असण्याशी काही संबंध नाही, आणि मी मात्र त्यांचे दहा पॉइंट माझ्या विषयाच्या नावावर लिहून बसलो होतो.

हे दोघे काढले. उरलेल्या दोन नापासांना ३ धरलं, म्हणजे त्यांचे फरक १ आणि ३. बेरीज १७ अधिक ४, म्हणजे २१. मुलं ३९. सरासरी ०.५४. इतिहासाची सरासरी साधारण ७, अर्थशास्त्राची साधारण साडेसहा.

पक्का_कोकणी

ठीक, ०.९० चं ०.५४ झालं. पण अर्थशास्त्रच अवघड हे तर कायम राहिलं ना? माझा मुद्दा तोच होता.

शेवंती

दिशा कायम राहिली, मान्य. पण ०.५४ या आकड्यावर किती भार टाकायचा तेही बघू या. सर, एक्सेलच्या डी कॉलममध्ये फरक असेल तर हे दोन टाका:

```
=AVERAGE(D2:D40)
=STDEV.S(D2:D40)/SQRT(COUNT(D2:D40))
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर दुप्पट करा आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना ठेवा. खरा फरक बहुधा त्या पट्ट्यात कुठेतरी असतो.

एक काळजी घ्या. दोन विषयांच्या याद्या शेजारी शेजारी चिकटवू नका. पीआरएन नंबरने जुळवा. नावाने जुळवलं तर एकाच आडनावाच्या दोन प्रियांका एकमेकींचे गुण घेऊन बसतात, आणि चूक कुठे झाली ते सरासरीत दिसतच नाही.

कृष्णाकाठ

पीआरएननेच जुळवलंय. दुसरं सूत्र ०.२१ देतं. म्हणजे ०.१२ पासून ०.९६ पर्यंत?

शेवंती

हो. शून्य त्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून "या मुलांना इतिहासात जास्त पॉइंट मिळाले, आणि हा निव्वळ योगायोग वाटत नाही" एवढं म्हणता येईल. पण जास्त म्हणजे चिमूटभर की पूर्ण एक पॉइंट, ते ३९ मुलं सांगू शकत नाहीत. मागच्या दोन-तीन वर्षांची लेजरं मिळाली तर पट्टा अरुंद होईल. मात्र पॅटर्न बदललेलं वर्ष त्यात मिसळू नका.

दप्तरखाना

मी इतिहास शिकवतो, दुसऱ्या कॉलेजात. धागा शांतपणे वाचत होतो, पण आता बोलायला हवं. "इतिहास सोपा" हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकतो. सोपा म्हणजे काय? आमच्याकडे पास होणं सोपं असेल, पण ओ ग्रेड घेऊन दाखवा! तुमच्याकडे मागणी-पुरवठ्याची आकृती बरोबर आली, लवचिकतेचं गणित सुटलं की दहापैकी दहा. आमच्याकडे दीर्घोत्तरी प्रश्नाला पंधरापैकी बारा दिले तरी परीक्षकाचा हात थरथरतो. हुशार मुलाला इतिहासात वर चढणं कठीण आहे. तुमची एकच सरासरी हे सगळं झाकते.

शेवंती

दप्तरखाना सर, हा मुद्दा फार मोलाचा आहे आणि तो तपासता येतो. फरक सगळ्यांना सारखा आहे की नाही ते पाहायला मुलांचे तीन गट करायचे. पण गट करताना अर्थशास्त्राचे किंवा इतिहासाचे गुण वापरायचे नाहीत. अर्थशास्त्रात वर आलेल्यांमध्ये त्या दिवशी पेपर चांगला गेलेलेही असतात, त्यामुळे तो गट अर्थशास्त्राच्या बाजूने आधीच झुकलेला असतो. गट तिसऱ्या विषयावरून करा. कृष्णाकाठ सर, प्रत्येकाचा तिसरा ऐच्छिक विषय आहे ना?

कृष्णाकाठ

आहे. भूगोल, मराठी, मानसशास्त्र, ज्याचा जो असेल तो. त्यावरून लावलं. काल रात्री साडेअकरापर्यंत बसलो.

वरची १० मुलं: इतिहासातून अर्थशास्त्र वजा केल्यावर सरासरी उणे ०.१.
मधली १४: अधिक ०.५.
खालची १५: अधिक १.०.

दप्तरखाना सर, तुमचं म्हणणं अगदी तसंच उतरलं. वरच्या मुलांना दोन्ही विषय सारखेच, उलट अर्थशास्त्रच केसभर बरं. भार सगळा खालच्या मुलांवर आहे. ज्या मुलीने टिक खोडली ती ८१ वाली होती. तिला अर्थशास्त्राने काहीच नुकसान झालं नसतं बहुतेक. हे मला जूनमध्ये माहीत असायला हवं होतं.

शेवंती

दहा मुलांच्या गटावर फार जोर देऊ नका, दोन मुलं इकडची तिकडे झाली तरी चिन्ह बदलेल. पण चढ स्पष्ट दिसतो, आणि अनुभवी शिक्षकाचं सांगणंही तेच आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवेन. शिवाय तुमच्या तक्त्यात मधल्या ग्रेड पाच-पाच मार्कांच्या असतील आणि वरच्या दहा-दहाच्या. म्हणजे पाच मार्कांचा फरक मध्ये पूर्ण एक पॉइंट होतो आणि वर कधी कधी काहीच नाही. त्यामुळे शक्य असेल तिथे ग्रेड पॉइंटांच्या खाली जाऊन मूळ गुणच बघा, आणि इंटर्नल व लेखी वेगळे करून बघा.

बॅकबेंचर_सीएस

मी इंजिनिअरिंगला आहे, तिसरं वर्ष. आमच्याकडे तर याहून वाईट. इलेक्टिव्हच्या एका गटातून एकच निवडायचा. क्लाउड घेतलं तर ब्लॉकचेन नाही. दोन्ही घेतलेला एकही नाही. सीनियर सांगतात ब्लॉकचेन घे, सरासरी ८.१ आहे, क्लाउडची ७.९. हे मानायचं का?

शेवंती

दोन्ही घेतलेला कोणी नसेल तर दोघांच्या मधला पूल शोधायचा, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे असलेले विषय. ब्लॉकचेनवाल्यांची सक्तीच्या विषयांतली सरासरी काढ, क्लाउडवाल्यांचीही काढ. समजा ब्लॉकचेनवाले तिथे ७.३ वर आहेत आणि क्लाउडवाले ६.८ वर. मग ब्लॉकचेनने आपल्या मुलांना ०.८ वर उचललं आणि क्लाउडने १.१. सरासरी कमी असूनही क्लाउड जास्त उदार निघालं.

पण हा पूल कच्चा असतो. सक्तीच्या विषयांत सारखी असलेली दोन मुलं इलेक्टिव्हमध्येही सारखीच असतील हे आपण धरून चालतो. ज्याने ब्लॉकचेन आवडीने घेतलं तो त्यात जास्त रमणारच, मग ती आवड "विषय सोपा" म्हणून मोजली जाते. आणि तुमच्या कॉलेजात रिलेटिव्ह ग्रेडिंग आहे का, तेही विचार. असेल तर तिथे विषयाचा अवघडपणा दिसतच नाही, शेजारी बसणारे किती हुशार आहेत ते दिसतं.

बॅकबेंचर_सीएस

रिलेटिव्हच आहे ताई. म्हणजे टॉपर जिथे जातील तिथे जायचं नाही, एवढंच.

शेवंती

ग्रेडसाठी तसंच म्हणावं लागेल. विषयाबद्दल त्या ग्रेडवरून मी काहीच सांगणार नाही.

पाटीलबुवा

माझी एक शंका. आमच्या भागात काही मुलं ऐच्छिक उर्दू किंवा कानडी घेतात. घरी तीच भाषा. त्यांना त्यात नऊ-दहा पॉइंट पडतात आणि इतिहासात सहा. वजाबाकी केली तर उर्दू जगातला सर्वांत सोपा विषय ठरेल. मराठी घरातल्या पोराला घ्यायला लावा, मग कळेल.

शेवंती

शंका अगदी रास्त आहे, आणि पक्का_कोकणी यांना मी जे नंतर सांगणार होते ते हेच. दोन्ही घेतलेल्यांत डोकं एक असतं, पण त्या डोक्याचा दोन विषयांशी संबंध एकसारखा नसतो. तिथे "अवघडपणा" म्हणजे त्या मुलांसाठीचा अवघडपणा, सगळ्यांसाठीचा नाही.

इथे इंग्लंडात यावर वर्षानुवर्षं वाद झाला. फ्रेंच, जर्मन, भौतिकशास्त्र हे विषय इतरांपेक्षा कडक तपासले जातात, म्हणून मुलं पळतात, अशी शाळांची तक्रार होती. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वालने ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीसारख्या परीक्षेच्या बाबतीत २०१८ मध्ये ठरवलं की बदल करायला पुरेसं कारण नाही. पुढच्या वर्षी जीसीएसईच्या, म्हणजे दहावीसारख्या परीक्षेच्या, फ्रेंच आणि जर्मनसाठी मात्र बदल करायचा निर्णय घेतला. दोन्ही वेळा या हिशेबाबरोबर मुलांचं प्रत्यक्ष काम, विषय घेणाऱ्यांची घटती संख्या आणि शिक्षकांची मतंही पाहिली. नुसत्या वजाबाकीवर निकाल दिला नाही.

कृष्णाकाठ

तुम्ही सुचवलं तसं मूळ गुण काढले. इंटर्नल ३० आणि लेखी ७०. तीच ३९ मुलं.

इंटर्नल: इतिहास २२.६, अर्थशास्त्र २०.२.
लेखी: इतिहास ३३.४, अर्थशास्त्र ३२.४.

एकूण फरक ३.४ मार्कांचा. त्यातले २.४ इंटर्नलमधले. लेखी पेपर जो विद्यापीठाचा, जो बाहेर तपासला जातो, त्यात फक्त एका मार्काचा फरक. मी वीस वर्षं मुलांना सांगत आलो की विषय अवघड नाही, तुम्ही घाबरता. आणि फरक पाडणारे इंटर्नलचे मार्क माझ्याच सहीने जातात.

पक्का_कोकणी

म्हणजे इतिहासवाले इंटर्नलला सढळ हाताने देतात, असंच ना? मग विषय सोपा नाही, तपासणी सैल आहे.

दप्तरखाना

हे मला मान्य नाही. सढळ कशावरून? आमचं इंटर्नल सांगतो. प्रत्येकाने आपल्या गावातली एक जुनी गोष्ट नोंदवून आणायची. गेल्या वर्षी एका मुलाने ओढ्याकाठच्या चौदा वीरगळांची नोंद आणली. प्रत्येकाची उंची टेपने मोजलेली, कुठल्या चौकटीत काय कोरलंय ते लिहिलेलं, एक वीरगळ कपडे धुण्याचा दगड म्हणून वापरतात तेही लिहिलेलं. लेखी पेपरमध्ये हाच मुलगा दोन पानांपुढे जात नाही. त्याला तीसपैकी अठ्ठावीस दिले. कमी द्यायचे होते का? कृष्णाकाठ सरांच्या कॉलेजात काय करतात मला ठाऊक नाही. पण इंटर्नलमध्ये जास्त गुण म्हणजे खैरात, असं आकड्यावरून म्हणता येणार नाही.

शेवंती

दप्तरखाना सर बरोबर सांगताहेत. २.४ मार्क इंटर्नलमधून आले, इथवर आकडा पोचवतो. ते सैल तपासणीचे आहेत, चांगल्या शिकवण्याचे आहेत, की मुलांना करावंसं वाटेल असं काम दिल्याचे आहेत, हे तीनही लेजरमध्ये सारखेच दिसतात. कृष्णाकाठ सर, तुमचं इंटर्नल कसं असतं?

कृष्णाकाठ

वीस मार्कांची बहुपर्यायी चाचणी आणि दहाची तोंडी. तोंडीला मुलं घाबरतात, विशेषतः खालच्या गटातली. मुली तर मान वर करत नाहीत. तिथे दहापैकी चार-पाच पडतात, हे मला आठवूनच सांगता येतं.

पाटीलबुवा

मग सर, खालच्या १५ जणांचा तो एक पूर्ण पॉइंट तिथेच गेला नसेल कशावरून?

कृष्णाकाठ

हे मी पाहिलं नव्हतं. तोंडीचे मार्क वेगळे लेजरमध्ये नसतात, पण विभागाच्या वहीत आहेत. उद्या काढतो.

एक उरलंय, ते विचारून टाकतो. भूगोलाशीही जोड्या लावल्या होत्या. अर्थशास्त्र आणि भूगोल दोन्ही घेतलेली २८ मुलं, त्यांना भूगोलात ०.२ जास्त. इतिहास आणि भूगोल घेतलेली ३३, त्यांना इतिहासात ०.१ जास्त. मग भूगोलावरून फिरून गेलं तर अर्थशास्त्र ते इतिहास ०.३ यायला हवा, थेट मात्र ०.५४ येतो. त्रिकोण बंद होत नाही. माझं काही चुकलं का?

शेवंती

चूक नाही. एवढ्या कमी मुलांत प्रत्येक बाजू दोन-दोन, तीन-तीन दशांश इकडे तिकडे होते, त्यामुळे ०.२४ ची फट निव्वळ योगायोगानेही राहते. स्कॉटलंडच्या निकालांवर १९७६ मध्ये अ‍ॅलिसन केली यांनी यासाठीच वेगळी रीत मांडली. एक-एक जोडी न घेता प्रत्येक विषयाची तुलना त्याच मुलांच्या बाकी सगळ्या विषयांशी करायची, आलेला फरक गुणांत दुरुस्त करायचा आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत पुन्हा तेच करायचं. त्याने सगळ्या विषयांची एकच शिडी मिळते. पण हजारो मुलं असली तरी कधी कधी त्रिकोण उघडाच राहतो, कारण भूगोल-इतिहास घेणारी मुलं आणि अर्थशास्त्र-इतिहास घेणारी मुलं एका प्रकारची नसतात. तिथे विषयाला एकच अवघडपणा असतो हे धरणंच डळमळतं. यावर आमच्यातही एकमत नाही. मी स्वतः शिडी छापायच्या विरुद्ध आहे, माझे दोन सहकारी बाजूने आहेत.

पक्का_कोकणी

मला अजूनही वाटतं की मुलांना एक आकडा सांगायला हवा. आकडा दिला नाही तर ते मैत्रिणीच्या चिमट्यावरच विषय घेणार.

दप्तरखाना

आकडा सांगा, पण "इतिहास सोपा" असं सांगू नका. "यंदा आमच्या कॉलेजात या मुलांना इंटर्नलमध्ये इतके जास्त पडले" असं सांगा.

कृष्णाकाठ

वही मिळाली. खालच्या गटातल्या १५ जणांची तोंडीची सरासरी दहापैकी ४.१, वरच्या गटातल्या दहा जणांची ७.८. बहुपर्यायी चाचणीत त्यांच्यात एवढी दरी नाही.

विभागात आज बोललो. पुढच्या सत्रात तोंडीऐवजी प्रत्येकाने आठवडी बाजारात एकाच भाजीचा भाव चार आठवडे नोंदवायचा, सकाळचा आणि बाजार उठतानाचा, आणि तो का हलला ते दोन पानांत लिहायचं. एक सहकारी म्हणाले की याने दर्जा घसरेल, म्हणून ठरलं की वीस वह्यांवरची नावं झाकून त्या त्यांनीही तपासायच्या आणि दोघांचे मार्क जुळतात का ते बघायचं. सत्र संपलं की या ३९ जणांची लावली तशीच जोडी पुन्हा लावतो आणि इथेच टाकतो. लेखीचा तो एक मार्क तेव्हाही राहतो का, ते मला बघायचं आहे.

लाल_दिवा_२७

पाटीलबुवा, तुमचं ऐकून पाच वर्षांचे पेपर काढले. अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरात गणित बरंच आहे, माझं अकरावीनंतर सुटलंय. इतिहास पेपर एकमध्ये नकाशाचा प्रश्न आहे, तो मात्र आवडला. उद्या पुन्हा बसतो.